डिगॉक्सिनची पातळी कागदावर ठीक, तरी रुग्णाला विषबाधा: पंपापासून सुरुवात करून डोस आणि तपासणी समजून घेण्याची पद्धत

डिगॉक्सिनच्या बाबतीत एकच चूक पुन्हा पुन्हा होते. प्रयोगशाळेचा कागद येतो, आकडा छापील मर्यादेत असतो, आणि रुग्णाच्या मळमळीचे कारण भलतीकडेच शोधले जाते. याच्या उलटही घडते. गोळी घेतल्यावर दोन तासांनी रक्त काढले जाते, आकडा मोठा दिसतो आणि चांगले चाललेले औषध घाईने बंद होते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. रक्तातल्या आकड्यालाच औषधाचा परिणाम समजले जाते. प्रत्यक्षात औषध काम करते ते हृदयाच्या स्नायूपेशीवर, तिच्या पडद्यातल्या सोडियम-पोटॅशियम पंपावर.

हा लेख वैद्यकीय विद्यार्थी, इंटर्न, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्यासाठी आहे. स्वतः डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी तो जरूर वाचावा, पण गोळी कमी-जास्त करण्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले दोन टप्पे वगळून थेट डोसवर गेलात, तर पुढचे नियम पाठ होतील, पण अडचणीच्या वेळी आठवणार नाहीत.

## टप्पा १: पंप अडवल्यावर कॅल्शियम का वाढते, हे क्रमाने मांडा

डिगॉक्सिन मिळते ते फॉक्सग्लोव्हच्या डिजिटॅलिस लॅनाटा या जातीच्या पानांतून. त्याचे लक्ष्य म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. हा पंप एका एटीपीच्या बदल्यात तीन सोडियम आयन पेशीबाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. डिगॉक्सिन त्याला पेशीच्या बाहेरच्या अंगाने चिकटते. त्याला पेशीत शिरावे लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण बाहेरच्या द्रवातले पोटॅशियम पुढे इतके महत्त्वाचे का ठरते, ते यातूनच कळते.

आता साखळी पाहा. काही पंप अडले की पेशीतले सोडियम थोडे वाढते. हृदयपेशीत कॅल्शियम बाहेर टाकणारे आणखी एक प्रथिन असते, सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर. ते तीन सोडियम आत घेते आणि त्या जोरावर एक कॅल्शियम बाहेर ढकलते. सोडियमला आत ओढणारा उतार जितका तीव्र, तितके कॅल्शियम जोरात बाहेर जाते. आतले सोडियम वाढले की तो उतार सौम्य होतो आणि कॅल्शियम पेशीत मागे राहते. हे जास्तीचे कॅल्शियम सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये साठवले जाते. पुढच्या ठोक्याला साठ्यातून जास्त कॅल्शियम सुटते आणि आकुंचन जोरदार होते.

इथे विद्यार्थी हमखास एक पायरी गाळतात. 'डिगॉक्सिन कॅल्शियम वाढवते' एवढेच लिहून मोकळे होतात. मधली सोडियमची पायरी गाळली, तर औषधाची सुरक्षित मर्यादा अरुंद का आहे हे कधीच समजत नाही.

तपासून पाहा: 'पंप, सोडियम, एक्स्चेंजर, साठा, आकुंचन' हा क्रम न अडखळता सांगता येतो का? येत असेल तरच पुढे जा.

## टप्पा २: मर्यादा अरुंद का, हे त्याच साखळीतून काढा

बऱ्याच औषधांत उपयोग एका यंत्रणेतून होतो आणि दुष्परिणाम दुसऱ्याच यंत्रणेतून. डिगॉक्सिनचे तसे नाही. ज्या कॅल्शियममुळे आकुंचन सुधारते, तेच थोडे आणखी वाढले की ठोका बिघडतो. उपयोग आणि विष एकाच रेषेवर आहेत, फरक फक्त किती पुढे गेलो याचा.

ही रेषा लवकर चढणीला लागते, कारण एक्स्चेंजर एका कॅल्शियममागे तीन सोडियम वापरतो. पडद्यावरचे विद्युत्दाब आणि बाहेरचे आयन तेवढेच राहिले असे धरले, तर एक्स्चेंजर ज्या कॅल्शियमपर्यंत पेशीला नेऊ पाहतो ते आतल्या सोडियमच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आतले सोडियम १० मिलिमोलवरून ११ झाले, म्हणजे फक्त दहा टक्के वाढले, तर हा कॅल्शियमचा समतोल १.१ च्या घनाने, म्हणजे सुमारे ३३ टक्क्यांनी वर सरकतो. सोडियम १३ मिलिमोल झाले तर तो दुपटीच्याही वर जातो. प्रत्यक्ष पेशीत इतर व्यवस्था हा धक्का बराच सौम्य करतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. पण कल याच दिशेचा आहे: सोडियममधला लहान बदल कॅल्शियममध्ये मोठा होऊन उमटतो.

दुसरे कारण पंपांच्या राखीव क्षमतेचे. काही पंप अडले तर आतले वाढलेले सोडियमच उरलेल्या पंपांना जास्त वेगाने चालवते, म्हणून सुरुवातीला पेशी सावरून घेते. उरलेले पंप पूर्ण वेगाने चालू लागले की सावरायला जागा राहत नाही. त्यानंतर औषधाचा थोडासा जास्त अंश आला तरी सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही वेगाने चढतात. एखाद्या रुग्णात आठवडाभर काहीच जाणवत नाही आणि मग अचानक ठोके बिघडतात, त्यामागे हेच असते.

कॅल्शियमचा साठा काठोकाठ भरला की तो ठोक्याची वाट न पाहता मध्येच सुटतो. सुटलेले कॅल्शियम एक्स्चेंजर बाहेर टाकतो, पण त्या व्यवहारात एका कॅल्शियममागे तीन सोडियम आत येतात. म्हणजे दोन धन भार बाहेर जाऊन तीन आत आले. या जादा भाराने पेशी पुन्हा उत्तेजित होऊ लागते. यालाच ठोक्यानंतरचे विलंबित उत्तेजन म्हणतात, आणि त्यातून वेंट्रिकलचे अवेळी ठोके सुरू होतात.

या सगळ्याच्या बरोबरीने डिगॉक्सिन व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढवते, त्यामुळे एव्ही नोडमधून जाणारे संदेश मंदावतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वेग आवरायला याचाच उपयोग होतो, विशेषतः रुग्ण आरामात असताना. श्रम करताना व्हेगसचा जोर ओसरतो आणि हा ताबाही ढिला पडतो. थोडक्यात, औषधाची दोन तोंडे आहेत: स्नायूपेशी जास्त उत्तेजित होतात आणि नोडमधली वाट हळू होते. विषबाधेचा ईसीजी या दोन्हींच्या जोडीने ओळखता येतो.

## टप्पा ३: पोटॅशियमला गणितात घ्या

डिगॉक्सिन पंपाला सर्वांत घट्ट चिकटते ते पंप फॉस्फेट धरून पोटॅशियमची वाट पाहत असताना. पोटॅशियम येऊन बसले की फॉस्फेट सुटते, पंपाचे रूप बदलते आणि डिगॉक्सिनची पकड सैल होते. म्हणजे बाहेरचे पोटॅशियम पंपाला डिगॉक्सिनपासून वाचवते. ते कमी झाले की तेवढ्याच रक्तपातळीत जास्त पंप अडतात.

यावर आणखी एक भर पडते. पंपाला चालण्यासाठी बाहेरचे पोटॅशियम लागतेच, त्यामुळे ते घटले की न अडलेले पंपही मंदावतात. मॅग्नेशियमशिवायही पंप नीट चालत नाही. फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी औषधे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही कमी करतात. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाला डिगॉक्सिनबरोबर बहुतेक वेळा नेमकी हीच औषधे दिलेली असतात.

इशारा: रक्तातले पोटॅशियम माहीत नसेल, तर डिगॉक्सिनच्या आकड्याचा अर्थ लावू नका. तो अर्धाच आकडा आहे. माझ्या मते दोन्ही तपासण्या एकाच नमुन्यातून मागवणे हा नियमच असायला हवा.

पोटॅशियम ४ ते ५ मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान राहील याकडे लक्ष ठेवा. मात्र एकदम मोठा, तीव्र डोस पोटात गेला असेल तर चित्र उलटे दिसते. सगळ्या शरीरातले पंप एकाच वेळी अडल्याने पोटॅशियम पेशींत शिरू शकत नाही आणि रक्तातले पोटॅशियम वाढते. तीव्र विषबाधेत ते ५ च्या वर जाणे ही धोक्याची मोठी खूण आहे.

## टप्पा ४: पहिली गोळी देण्याआधीची तयारी

ही तयारी कंटाळवाणी वाटते म्हणून घाईने उरकली जाते, आणि पुढची बरीच गुंतागुंत इथेच पेरली जाते.

आधी ईसीजी पाहा. दुसऱ्या वा तिसऱ्या श्रेणीचा हार्ट ब्लॉक असेल आणि पेसमेकर नसेल, तर थांबा. एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णात जादा वाहक मार्ग असेल, म्हणजे वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट प्रकार असेल, तर डिगॉक्सिन देऊ नका. एव्ही नोड मंदावल्यावर संदेश जादा मार्गाने धावून वेंट्रिकल बेफाम होऊ शकतात.

मग क्रिअॅटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि थायरॉईड या तपासण्या पाहा. थायरॉईड कमी काम करत असेल तर शरीर डिगॉक्सिनला जास्त संवेदनशील असते. क्रिअॅटिनिनचा नुसता आकडा बघून समाधान मानू नका. बारीक, वयस्क माणसात स्नायू कमी असल्याने क्रिअॅटिनिन साधारण दिसते, पण मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता निम्म्याहून कमी झालेली असू शकते. डिगॉक्सिन मुख्यतः न बदलता लघवीतून बाहेर जाते, त्यामुळे इथली चूक थेट डोसमध्ये उतरते.

वजन घेताना अंगावरच्या चरबीचे वजन मोजू नका. डिगॉक्सिन चरबीत फारसे जात नाही, त्यामुळे स्थूल रुग्णात एकूण वजनावर डोस काढला तर तो जास्त होतो.

शेवटी औषधांची यादी विचारा, आणि ती प्रत्यक्ष गोळ्या समोर ठेवून तपासा. अमिओडॅरोन आणि व्हेरापामिल डिगॉक्सिनचे बाहेर पडणे कमी करतात. अमिओडॅरोन सुरू करताना डिगॉक्सिनचा डोस साधारण निम्मा करण्याची पद्धत आहे. क्लॅरिथ्रोमायसिनचा एक छोटा कोर्ससुद्धा पातळी वाढवू शकतो, आणि तो दुसऱ्याच डॉक्टरांनी खोकल्यासाठी दिलेला असतो.

तपासून पाहा: गेल्या महिन्याभरात घेतलेली प्रतिजैविके विचारलीत का? रुग्ण ती आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या मते तो आजार संपलेला असतो.

## टप्पा ५: डोसचा अंदाज हाताने काढा

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. बाईंचे वय ७२, वजन ४८ किलो, अंगाने बारीक. हृदय कमकुवत आणि एट्रियल फिब्रिलेशनही आहे. क्रिअॅटिनिन १.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.

कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने गाळण्याची क्षमता काढू. १४० मधून वय वजा केले तर ६८ उरतात. त्याला ४८ ने गुणून ७२ गुणिले १.४ ने भागले, आणि स्त्री असल्याने ०.८५ ने गुणले, तर उत्तर येते सुमारे २७.५ मिलिलिटर प्रति मिनिट. '१.४ म्हणजे थोडेच जास्त' असे वाटणाऱ्याला हा आकडा धक्का देतो.

आता शरीर डिगॉक्सिन किती वेगाने बाहेर टाकते ते पाहू. हृदय कमकुवत असलेल्यांसाठी वापरला जाणारा अंदाज असा: वजन गुणिले ०.३३, अधिक गाळण्याची क्षमता गुणिले ०.९. इथे १५.८ अधिक २४.८, म्हणजे सुमारे ४०.६ मिलिलिटर प्रति मिनिट. दिवसाला ५८.५ लिटर.

तोंडाने घेतलेल्या गोळीतला सुमारे ७० टक्के भाग रक्तात पोहोचतो असे धरू. रोज ०.२५ मिलिग्रॅम दिले तर १७५ मायक्रोग्रॅम आत जातात. ५८.५ ने भागले की स्थिरावलेली सरासरी पातळी जवळजवळ ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर येते. हा उघड विषारी आकडा आहे. ०.१२५ मिलिग्रॅमला ती १.५ होते आणि ०.०६२५ मिलिग्रॅमला ०.७५.

आता गाठायची पातळी कोणती? अनेक छापील कागदांवर अजून ०.८ ते २.० अशी जुनी मर्यादा असते. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णात मात्र ०.५ ते ०.९ हेच लक्ष्य धरतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या डिग या मोठ्या चाचणीत डिगॉक्सिनने एकूण मृत्यू कमी केले नव्हते, रुग्णालयात दाखल होणे मात्र कमी झाले होते. नंतर त्याच चाचणीतल्या पुरुष रुग्णांच्या पातळ्या वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हा ०.५ ते ०.८ असलेल्यांत मृत्यू कमी दिसले आणि १.२ व त्यावर असलेल्यांत जास्त. हे विश्लेषण मागाहून केलेले आहे, त्यामुळे तो अंतिम पुरावा नव्हे. पण जास्त पातळीने जास्त फायदा होतो असे समजायला काहीही आधार उरत नाही.

म्हणजे या बाईंसाठी योग्य सुरुवात रोज ०.०६२५ मिलिग्रॅम, किंवा एक दिवसाआड ०.१२५. प्रत्यक्षात त्यांना रोज ०.१२५ दिले गेले. 'लहान गोळी आहे, काय होणार' हा विचार सर्रास होतो. गोळीचा लहानपणा गोळीवर ठरत नाही, ती घेणाऱ्याच्या मूत्रपिंडावर ठरतो.

इशारा: वरचे सूत्र अंदाज देते, हमी देत नाही. मूत्रपिंडाचे काम रोज बदलत असेल तर ते वापरूच नका. अशा वेळी जुन्या क्रिअॅटिनिनवर काढलेले उत्तर फसवते.

## टप्पा ६: रक्त काढण्याची वेळ सांभाळा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबूया.

गोळी घेतल्यावर रक्तातली पातळी एक-दोन तासांत शिगेला पोहोचते. पण त्या वेळी औषध अजून स्नायूंत उतरलेले नसते. शरीरात ते इतके पसरते की त्याचे गणिती आकारमान निरोगी मूत्रपिंड असलेल्या माणसात किलोमागे सात लिटरच्या आसपास येते, म्हणजे रक्तात उरते ते अगदी थोडे. रक्त आणि ऊती यांचा समतोल साधायला किमान सहा ते आठ तास लागतात. त्याआधी काढलेला नमुना हृदयाबद्दल काहीच सांगत नाही. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पुढची गोळी देण्याच्या अगदी आधी रक्त काढणे. बरेच वॉर्ड गोळी रात्री आणि रक्त सकाळी अशी वेळ ठेवतात. ही व्यवस्था मला सर्वांत सुरक्षित वाटते, कारण तिच्यात विसरण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी वेळ पाळायची ती दिवसांची. मूत्रपिंडे ठीक असतील तर डिगॉक्सिनचे अर्धायुष्य ३६ ते ४८ तास असते. पातळी स्थिरावायला सुमारे पाच अर्धायुष्ये, म्हणजे साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आपल्या बाईंचे अर्धायुष्य तीन ते चार दिवसांच्या घरात येते, म्हणजे त्यांना दोन ते तीन आठवडे हवेत.

त्यांचे रक्त पाचव्याच दिवशी काढले गेले. वेळ बरोबर होती, गोळीच्या आधी. आकडा आला ०.९. सगळे निर्धास्त झाले. पण पाचव्या दिवशी पातळी आपल्या अंतिम उंचीच्या जेमतेम ६० ते ६५ टक्क्यांवर असते. १.५ चे ६३ टक्के म्हणजे ०.९४. तो ०.९ हा मुक्कामाचा आकडा नव्हता, चढणीवरचा होता. लवकर काढलेला नमुना नेहमी जास्तच दाखवतो असा समज आहे. गोळीनंतर तासांच्या हिशेबाने लवकर काढलात तर जास्त दाखवतो, आणि उपचार सुरू झाल्यापासून दिवसांच्या हिशेबाने लवकर काढलात तर कमी.

तपासून पाहा: मागणीपत्रावर तीन गोष्टी लिहिल्या आहेत का? शेवटची गोळी कधी घेतली, रक्त कधी काढले, आणि हा डोस किती दिवसांपासून चालू आहे.

## टप्पा ७: आकडा वाचण्याआधी रुग्ण वाचा

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. पायांवरची सूज वाढली म्हणून मधल्या काळात फ्युरोसेमाइडचा डोस वाढवलेला होता. जेवण नकोसे झाले होते, मळमळ होती, मुलीच्या मते त्या थोड्या गोंधळलेल्या वाटत होत्या. नाडी मिनिटाला ४८, आणि नियमित.

हा 'नियमित' शब्द पाहून कान टवकारले पाहिजेत. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाची नाडी अनियमितच असते. ती अचानक मंद आणि नियमित झाली, तर बहुधा एव्ही नोड पूर्ण अडला आहे आणि ठोके खालच्या जंक्शनमधून येत आहेत. अनेकदा हे 'लय सुधारली' म्हणून आनंदाने नोंदवले जाते. ईसीजीमध्ये त्यासोबत वेंट्रिकलचे अवेळी ठोकेही दिसले. वाट अडलेली आणि पेशी उत्तेजित, ही टप्पा २ मधली जोडी समोर उभी होती.

ईसीजीवर एसटी भागाचा खोलगट, खाली झुकलेला आकार दिसतो, त्याला मात्र विषबाधा समजू नका. ती औषध चालू असल्याची खूण आहे, जास्त झाल्याची नव्हे. पिवळसर-हिरवे दिसणे, दिव्यांभोवती वलये दिसणे ही लक्षणे पुस्तकात ठळक असतात. ती असतील तर महत्त्वाची आहेत, पण ती नाहीत म्हणून विषबाधा नाही असे ठरवता येत नाही. वयस्क रुग्णात भूक मंदावणे आणि गोंधळणे यांवरच आधी लक्ष द्या.

तपासण्या आल्या. शेवटच्या गोळीनंतर २० तासांनी काढलेली डिगॉक्सिनची पातळी १.७. कागदावर मर्यादा ०.८ ते २.०, त्यामुळे शेजारी कुठलीही धोक्याची खूण नाही. क्रिअॅटिनिन १.४ वरून १.९ झालेले. पोटॅशियम ३.०.

नव्या क्रिअॅटिनिनवर गणित पुन्हा केले, तर गाळण्याची क्षमता सुमारे २० येते, दिवसाला डिगॉक्सिन साफ होते ते ४९ लिटर, आणि त्याच डोसवर पातळी १.८ च्या आसपास पोहोचायला हवी. मोजलेली १.७ त्याच्याशी जुळते. क्रिअॅटिनिन अजून बदलत असताना हे फक्त दिशा पाहण्यापुरतेच धरायचे. आता यावर पोटॅशियमचे ३.० ठेवा. ४.५ पोटॅशियम असताना कदाचित निभावून गेली असती अशी १.७ ही पातळी, ३.० ला कितीतरी जास्त पंप अडवत होती. म्हणून निदान विषबाधेचेच, कागदावर काहीही छापलेले असो.

## टप्पा ८: विषबाधा ठरल्यावरचा क्रम

१. डिगॉक्सिन थांबवा आणि रुग्णाला मॉनिटरवर घ्या. मळमळीचे औषध देऊन घरी पाठवणे हीच या टप्प्यावरची सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

२. पोटॅशियम भरून काढा, पण सावकाश आणि ईसीजीवर नजर ठेवून. नोड आधीच अडलेला असताना पोटॅशियम वेगाने चढवले तर ब्लॉक वाढू शकतो, आणि मूत्रपिंडे कमजोर असल्याने ते साचते. मॅग्नेशियम कमी असेल तर तेही द्या. मॅग्नेशियम कमी असताना पोटॅशियम टिकत नाही.

३. मूत्रपिंडे कशामुळे ढासळली ते शोधा. इथे फ्युरोसेमाइडचा वाढवलेला डोस आणि न जेवल्याने झालेली पाण्याची कमतरता ही कारणे होती.

४. वाट पाहता येईल का ते ठरवा. बाईंच्या मूत्रपिंडांच्या या अवस्थेत पातळी निम्मी व्हायला साधारण चार दिवस लागतील. रक्तदाब टिकून असेल आणि ठोके जीवघेणे नसतील, तर मॉनिटरवर थांबता येते. डायलिसिसने डिगॉक्सिन निघत नाही. ते स्नायूंत बसलेले असते आणि यंत्रातून फिरते फक्त रक्त.

५. जीवघेणी अरिदमिया, न आवरणारा मंद ठोका, किंवा तीव्र विषबाधेत चढलेले पोटॅशियम असेल तर डिगॉक्सिनविरोधी फॅब प्रतिपिंडे द्या. दीर्घकाळच्या डोसमधून झालेल्या विषबाधेत अंदाज असा: पातळी गुणिले वजन, भागिले १००, म्हणजे लागणाऱ्या कुप्या. या बाईंना गरज पडली असती तर १.७ गुणिले ४८ भागिले १०० म्हणजे ०.८, अर्थात एक कुपी. ४० मिलिग्रॅमची एक कुपी सुमारे ०.५ मिलिग्रॅम डिगॉक्सिन बांधते.

इशारा: विषबाधा झालेल्या हृदयाला विजेचा झटका देण्याची घाई करू नका. अति उत्तेजित पेशींत त्यातून आणखी वाईट लय उमटू शकते. जीव वाचवण्यासाठी दुसरा मार्गच नसेल तेव्हाच द्या.

फॅब दिल्यानंतर पुन्हा डिगॉक्सिनची पातळी मागवली जाते आणि आकडा कित्येक पटींनी वाढलेला पाहून धावपळ होते. प्रतिपिंडे ऊतींमधले डिगॉक्सिन ओढून रक्तात आणतात आणि नेहमीची तपासणी बांधलेले व मोकळे दोन्ही मिळून मोजते. तो आकडा निरुपयोगी आहे, मागवूच नका. त्याऐवजी लय आणि पोटॅशियम पाहा. पंप मोकळे होताच पोटॅशियम पेशींत परत शिरते आणि रक्तातले पोटॅशियम काही तासांत झपाट्याने उतरू शकते, म्हणून पहिल्या दिवशी ते दर काही तासांनी मोजा. मूत्रपिंडे निकामी असतील तर फॅबला चिकटलेले डिगॉक्सिन शरीरात रेंगाळते आणि काही दिवसांनी पुन्हा सुटू शकते. अशा रुग्णाला लय पूर्ववत झाली म्हणून दुसऱ्याच दिवशी मॉनिटरवरून काढू नका.